जबानीपासून ध्वनिफितीपर्यंत

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ऋद्धिपुरास म्हाइंभटांनीं एक काम हातीं घेतलें. श्रीचक्रधरस्वामी निघून गेले होते. परंतु त्यांच्या सान्निध्यांत वावरलेलीं माणसें हयात होतीं. त्या माणसांना गांठावें, कोणती गोष्ट कोठें घडली, तेथें कोण होतें, स्वामींच्या मुखांतून नेमके कोणते शब्द निघाले हें विचारावें, आणि जमलेलें सारें नागदेवाचार्यांपुढें ठेवून पडताळून घ्यावें, असा त्यांचा क्रम होता. त्यांतून ‘लीळाचरित्र’ उभें राहिलें. मराठी गद्याचा तो आरंभींचा मोठा ग्रंथ म्हणून विद्वान् त्याचा गौरव करतात, आणि तो यथार्थच आहे. परंतु बोललेलें लिहून ठेवण्याच्या कलेचा मराठींतील पहिला मोठा प्रयोग म्हणूनही त्याच्याकडे पाहतां येईल. ज्यानें ऐकलें तो एक आणि जो लिहितो तो दुसरा, अशी येथें विभागणी आहे. ही विभागणी झाली कीं त्याबरोबर एक अडचण जन्मास येते. ऐकणाऱ्या दोघांच्या आठवणी जुळल्या नाहींत तर लिहिणाऱ्यानें काय करावें?

महानुभावांनीं या अडचणीवर काढलेला तोडगा प्रामाणिक होता. कांहीं लीळांच्या शेवटीं ‘शोध’ अशी खूण करून दुसऱ्या साक्षीदाराची निराळी आठवण जोडून दिली जाई. पुढें मूळ पोथी धामधुमीच्या काळांत नाहींशी झाली व शिष्यांनीं ती आठवणीवरून पुन्हां सिद्ध केली, असें परंपरा सांगते. त्यामुळें एकाच ग्रंथाचे निरनिराळे पाठ त्या त्या माणसाच्या नांवानें ओळखले जाऊं लागले. लिहिणाऱ्यानें स्वतःच्या पसंतीनें एक आठवण ठेवून दुसरी पुसून टाकली नाहीं, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. आज ध्वनिमुद्रण ऐकून लिहून काढणारा लेखनिक जेव्हां एखाद्या शब्दापाशीं अडतो आणि कंसांत प्रश्नचिन्ह घालतो, तेव्हां तो या ‘शोध’ खुणेचाच धाकटा भाऊ कागदावर मांडीत असतो.

मध्यंतरींच्या काळांत हा प्रामाणिकपणा सर्वत्र टिकला नाहीं. मराठेशाहींतील न्यायनिवाड्याच्या कागदांत जबान्या, करीने आणि महजर विपुल आहेत. वतनाचा तंटा असो कीं शिवेचा, पक्षकार बोले आणि कारकून मोडींत लिही. परंतु कारकुनाचा कांटा ठरलेला होता. पाटील असो, महार असो, विधवा बाई असो, प्रत्येकाची जबानी एकाच दरबारी वळणानें सुरू होई आणि त्याच वळणानें संपे. बोलणारा कोठें अडखळला, कोठें गप्प राहिला, कोणता शब्द त्यानें आपल्या गांवच्या बोलींतला वापरला, याचा मागमूस राही तो एखाद्या शेताच्या, ओढ्याच्या किंवा झाडाच्या नांवांतच. निवाड्यास तेवढें पुरेसें होतें. माणूस मात्र कागदावर उतरत नसे.

इंग्रजी अमदानींत बोलींचा पद्धतशीर शोध सुरू झाला. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या नेतृत्वाखालीं १८९४ सालापासून हिंदुस्थानच्या भाषांची जी पाहणी झाली, तिचा मराठीस वाहिलेला सातवा खंड १९०५ सालीं निघाला. तो नॉर्वेचे पंडित स्टेन कोनो यांनीं सिद्ध केला होता. पाहणीची रीत अशी होती कीं, जिल्ह्याजिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडून तीन वस्तु मागवावयाच्या: बायबलांतील उधळ्या पुत्राच्या गोष्टीचें त्या बोलींतील भाषांतर, त्याच बोलींतील एखादी स्वतंत्र गोष्ट वा गाणें, आणि ठराविक शब्दांची व वाक्यांची यादी. या साधनांवर वऱ्हाडी, नागपुरी, कोंकणांतील बोली आणि देशावरची भाषा यांचे नमुने शेजारीं शेजारीं मांडले गेले. एकच गोष्ट सर्वांना सांगावयास लावल्यामुळें तुलना सोपी झाली, हा या युक्तीचा मोठा गुण होय.

परंतु तिच्यांत एक उणीवही होती. हे नमुने बहुतेक लिहून आलेले होते, ऐकून टिपलेले नव्हते. कचेरींतला कोणी जाणता माणूस मूळ गोष्ट समोर ठेवी आणि आपल्या भागांतला शेतकरी ती कशी सांगेल याची कल्पना करून लिही. त्यामुळें त्या खंडांतला उधळा पुत्र कोठेंही अडखळत नाहीं, त्याचें वाक्य अर्धवट सुटत नाहीं, आणि त्याचा बाप ‘अं’ म्हणून विचारांत पडत नाहीं. बोली आहे, पण बोलणें नाहीं. ग्रियर्सन यांना कागदाची ही मर्यादा ठाऊक असावी, कारण पुढें १९१३ ते १९२९ या वर्षांत निरनिराळ्या प्रांतांत त्याच गोष्टीच्या आणि गाण्या-कहाण्यांच्या ग्रामोफोन तबकड्या भरविण्यांत आल्या. तबकडीच्या एका बाजूस तीन मिनिटांच्या आसपास आवाज मावे. म्हणून बोलणारा आधीं तयारी करून, मोजून मापून बोले. आज त्या तबकड्या संगणकावर ऐकावयास मिळतात. आवाज खरा आहे, उच्चार खरा आहे. पण तो माणूस शेजाऱ्याशीं बोलत नसून कर्ण्याशीं बोलत आहे, हें पहिल्या वाक्यांतच कळतें. आकाशवाणीवरील भाषणाचेंही थोडें असेंच आहे. तें आधीं लिहिलेलें असतें व मागाहून बोललें जातें; म्हणून त्याची छापील प्रत काढणें सोपें.

खरी कसोटी लागली ती फिरत्या ध्वनिफितीच्या यंत्राबरोबर. आतां माणूस आपल्या ओट्यावर बसून तासभर बोलूं शकला. मध्येंच कोंबडा आरवला, सून चहा घेऊन आली, सांगणारी रडली आणि पुन्हां सांवरून बोलूं लागली, तें सारें फितीवर उतरलें. आणि तें लिहून काढावयास बसलेल्या लेखनिकापुढें असे प्रश्न उभे राहिले कीं, ज्यांचें उत्तर व्याकरणाच्या कोणत्याच पुस्तकांत नव्हतें. त्यांची उत्तरें लेखी ठरवून ठेवणें, म्हणजेच लेखनिकाची नियमावली तयार करणें. अशी नियमावली काम सुरू करण्यापूर्वीं ठरली नाहीं, तर एकाच संग्रहांतील दहा लेखनिक दहा प्रकारें लिहितात आणि पुढचा अभ्यासक बोलींतला फरक मोजतो आहे कीं लेखनिकांतला, हें त्याला स्वतःलाच समजत नाहीं.

पहिला प्रश्न बोलीच्या शब्दांचा. घरांत ‘व्हय’ म्हणणाऱ्या माणसाचें उत्तर ‘होय’ असें लिहावें काय? अर्थ तोच राहतो, वाचणाऱ्यास सोपें जातें, आणि शाळेंत शिकलेला हात आपोआप तिकडेच वळतो. परंतु बोलीचा फरक नेहमीं इतका निरुपद्रवी नसतो. कोल्हापूरकडील पुष्कळ स्त्रिया स्वतःविषयीं बोलतांना ‘मी येतो’, ‘मी गेलो’ असें पुल्लिंगी रूप वापरतात. पुण्याच्या लेखनिकानें तें ‘मी येते’ असें सुधारून घेतलें, तर बोलीचा एक ठळक विशेष पुसला गेला. न सुधारतां, पण विचारही न करतां पुढें गेला, तर सूचीकार तें बोलणें पुरुषाचें समजून नोंदवूं शकतो. मराठवाड्यांतला माणूस ‘मी गांवाला जायलो’ म्हणतो, त्याचा अर्थ तो या घडीला जात आहे असा. तेथें ‘जायला’ असा शब्द ऐकूं आल्याचें लेखनिकानें ठरविलें तर वाक्य अर्धवट वाटूं लागतें आणि शेवटचा शब्द हरवला असावा अशी खोटी शंका निघते. वऱ्हाडांत ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो. त्याची बेरीज ‘डोळ्यां’त केली तर वऱ्हाडचें नांव उरलें तरी वऱ्हाड उरत नाहीं.

म्हणून चांगल्या नियमावलींत पहिलें कलम असें असतें कीं, शब्द ऐकूं आला तसा लिहावा आणि त्याचें प्रमाण रूप व अर्थ मजकुरांत न घुसडतां शेवटीं वेगळ्या यादींत द्यावे. देवनागरी लिपि या कामीं पुष्कळ साथ देते, पण सर्व नाहीं. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतले दोन ज निराळे आहेत आणि अक्षर एकच आहे. असा घोटाळा संभवत असेल तेथें अक्षराखालीं टिंब देण्याची सोय करावी. सरसकट देत सुटूं नये, कारण मग पान टिंबांनीं भरतें आणि वाचणारा थकतो. अनुस्वाराची गोष्ट याहून नाजूक आहे. जुन्या लेखनपद्धतींत, आणि या पानावरही, अनेक अनुस्वार असे आहेत कीं जे देशावरच्या उच्चारांत ऐकूं येत नाहींत. ते व्याकरणाचे अनुस्वार आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे जे शुद्धलेखनाचे नियम १९६२ सालीं शासनानें स्वीकारले, त्यांनीं हे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले आणि बोलण्याची भाषा लिहितांना ‘केलं’, ‘गेलं’ अशा उच्चारी रूपांस मोकळीक दिली. या निर्णयावर पुष्कळ वाद झाले. पण लेखनिकाचा मात्र त्यांत लाभच झाला. त्याच्या हातांतलें टिंब मोकळें झालें. आतां तो तें जेथें नाकांतला स्वर किंवा बोलण्यांतलें ‘केलं’ खरोखर ऐकूं येईल तेथेंच ठेवूं शकतो. नंतर लगेच, १९६३ पासून, डॉ. अ. मा. घाटगे यांच्या बोली-सर्वेक्षणाचे खंड निघूं लागले. दक्षिण कानड्यांतील कोंकणीचा खंड पहिला आणि १९६५ चा कुडाळीचा दुसरा. त्यांत उच्चार दाखविण्यासाठीं भाषाशास्त्राच्या विशेष खुणा वापरल्या आहेत. अभ्यासकाला त्या हव्यातच. पण गांवच्या वाचनालयांत बसून आपल्या आजीचें बोलणें वाचूं पाहणाऱ्याला देवनागरीच बरी.

या कलमाच्या पोटांत एक अन्याय लपून बसतो आणि तो भल्या लेखनिकाच्याही हातून घडतो. खेडवळ बाईच्या तोंडीं तो ‘म्हंजे’ आणि ‘पायजे’ लिहितो, आणि तिला प्रश्न विचारणाऱ्या पदवीधराच्या तोंडीं ‘म्हणजे’ आणि ‘पाहिजे’. फीत पुन्हां ऐकावी तों पदवीधरही ‘म्हंजे’च म्हणत असतो. बहुतेक सर्व मराठी माणसें घाईनें बोलतांना तसेंच म्हणतात. एकाचें बोलणें कानानें लिहावयाचें आणि दुसऱ्याचें पुस्तकानें, याचा परिणाम असा होतो कीं कागदावर एक जण शहाणा आणि दुसरा अडाणी दिसतो, आणि हा भेद फितीवर नसतोच. विचारणारा व सांगणारा या दोघांस एकच माप लावावें, हें कलम म्हणून नियमावलींत स्पष्ट लिहिलेलें असावें. उलट, तीच बाई तलाठ्याची आठवण सांगतांना ‘नाही’ म्हणते आणि स्वतःच्या घरची गोष्ट सांगतांना ‘न्हाई’ म्हणते, तर तीं दोन्ही रूपें जशींच्या तशीं ठेवावीं. ती कोणापुढें कशी बोलत होती, हें त्या बदलावरून कळतें.

दुसरा प्रश्न अडखळण्याचा. वर्तमानपत्राचा बातमीदार ‘अं’, ‘हं’, ‘ते आपलं’, ‘काय म्हणतात’ हे सर्व गाळून टाकतो आणि त्याच्या कामास तें योग्यच आहे. साक्षीच्या किंवा आठवणींच्या कागदांत मात्र असा झाडू फिरविण्यापूर्वीं दोन गोष्टी तपासाव्या लागतात. मराठींत ‘हं’ म्हणजे होकार आणि ‘अंहं’ म्हणजे नकार. दोन्ही नाकांतल्या नाकांत उच्चारले जातात आणि दोन्ही घाईच्या कानास नुसता आवाज वाटतात. जीभ टाळूस लावून काढलेला ‘च्च’ हा कधीं नकार असतो, कधीं हळहळ. हे आवाज अडखळणें नव्हेत, तीं उत्तरें आहेत. दुसरी गोष्ट द्विरुक्तीची. अडखळणारा माणूस शब्द दोनदां उच्चारतो, आणि न अडखळणारा मराठी माणूसही उच्चारतो, कारण ‘हळू हळू’, ‘रडत रडत’, ‘घर घर’ हें आपल्या भाषेचें व्याकरणच आहे. ‘दहा दहा दिवस’ म्हणजे दर वेळीं दहा दिवस. दुसरा ‘दहा’ अडखळणें समजून गाळला तर नेहमींची गोष्ट एकाच वेळची होऊन बसते. म्हणून तुटलेल्या उच्चारास जोडरेघ द्यावी, व्याकरणाच्या द्विरुक्तीस देऊं नये, आणि दोहोंतलें कोणतें हें ठरेना तर आधींच्या शब्दानंतर सूर तुटला कीं नाहीं तें ऐकावें. तुटणाऱ्या उच्चारांत बहुधा पहिला शब्द अर्ध्यावर थांबतो; द्विरुक्तींत दोन्ही शब्द पुरे आणि एका ठेक्यांत येतात. गप्प राहणेंही लिहावें. तीन सेकंदांहून मोठा विराम सेकंदांसह कंसांत नोंदविण्याची चाल सोयीची आहे. मान हलविली, हात दाखविला, हें मात्र फितीवरून तर्कानें लिहूं नये. मुलाखत घेणाऱ्यानें त्याच वेळीं टिपून ठेवलें असेल तरच लिहावें.

तिसरा प्रश्न न ऐकूं आलेल्या जागांचा, आणि चौथा वेळेचा. हे दोन एकमेकांस बांधलेले आहेत, कारण ‘येथें ऐकूं आलें नाहीं’ असें लिहिणाऱ्यानें ‘येथें’ म्हणजे कोठें हें सांगितलें नाहीं तर दुसऱ्या कोणास तें तपासतां येत नाहीं. पूर्वीं लेखनिक ध्वनियंत्रावरील आंकडे समासांत लिहीत. ते आंकडे सेकंद नव्हते, फितीच्या चक्राचे फेरे होते. चक्रावर फीत जाड गुंडाळलेली असतांना एका फेऱ्यांत जितकी फीत सरते, तितकी ती पातळ झाल्यावर सरत नाहीं. शिवाय एका यंत्राचा आंकडा दुसऱ्याशीं जुळत नाहीं. त्यामुळें मूळ यंत्र मोडीत गेलें कीं समासांतले सारे आंकडे मुके होतात. विजेरी उतरल्यामुळें संथ चाललेल्या यंत्रावर भरलेली फीत नीट चालणाऱ्या यंत्रावर लावली, तर आवाज बारीक आणि घाईचा येतो व एकूण वेळही आखडते. म्हणून वेळ ही जतन केलेल्या संगणकीय प्रतीवरून, आरंभापासून तास, मिनिट, सेकंद अशी लिहावी. आणि मूळ फीत कोणती, तिची कोणती बाजू, हें शिरोभागीं नोंदवावें. अर्ध्या तासानें बाजू पालटतांना गेलेलीं वाक्यें ही वेगळी हानि आहे. ती ‘फीत पालटली’ म्हणून दाखवावी, अस्पष्ट म्हणून नव्हे.

वेळेच्या नोंदीचा उपयोग किती, हें जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहावरून दिसतें. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनीं सहकाऱ्यांसह खेडोपाडींच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. त्या हातानें लिहून घेतल्या होत्या, आणि त्यांतील कांहींचें ध्वनिमुद्रण नंतर, १९९० नंतरच्या दशकांत, झालें. त्या संग्रहांत ध्वनिमुद्रित ओवीच्या शेजारीं फितीचा क्रमांक आणि ओवी कोठें सुरू होते ती वेळ दिलेली आहे. एखाद्या शब्दाविषयीं शंका आली तर वाचणारा लेखनिकाच्या कानावर विसंबून राहत नाहीं, स्वतः त्या बाईचा गळा ऐकतो. अलीकडे डेक्कन कॉलेजनें राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्यानें केलेल्या बोली-सर्वेक्षणांतही आवाज आणि लेखन शेजारीं ठेवले आहेत.

हे नियम एकत्र कसे चालतात, हें एका कल्पित नमुन्यावरून पाहावें. समजा, माहेर कोल्हापूरकडचें आणि सासर आटपाडी तालुक्यांतलें, अशी एक वृद्ध स्त्री १९७२ च्या दुष्काळाविषयीं सांगत आहे. दुष्काळी कामावर तिनें खडी फोडली होती. एका होतकरू लेखनिकानें तिचें बोलणें असें उतरविलें:

प्रश्न : मजुरी वेळेवर मिळायची का?
उत्तर : हं. कुठली वेळेवर? दहा दिवस, पंधरा दिवस जायचे. मी म्हणाले, जाते मी साहेबांकडे. दिवसभर खडी फोडायची आणि संध्याकाळी तो किलो. खाऊन पोरं आजारी पडली.

वाचतांना कोठेंही ठेंच लागत नाहीं, आणि हाच या कागदाचा दोष आहे. दुसऱ्या लेखनिकानें नियमावली पुढें ठेवून, कानास यंत्र लावून, तोच भाग असा उतरविला:

[००:१२:०४] प्रश्न : मजुरी येळेवर मिळायची का?
[००:१२:०७] उत्तर : अंहं. (विराम ४ से.) कुठली येळंवर? धा धा दिस... पं- पंधरा दिस बी जायचं. मी म्हनलो, जातो मी [सायबाकडं?]. दिसभर खडी फोडायची आन् सांजला त्यो [मिलो / किलो? ००:१२:२४]. खाऊन खाऊन पोरं... [अस्पष्ट, २ से., ००:१२:२८, मोटारीचा आवाज]

पहिल्या उत्तरांतच सारें उलटलें आहे. पहिल्या लेखनिकाचा ‘हं’ हा खरा तर ‘अंहं’ होता. म्हणजे मजुरी वेळेवर मिळत नसे, असें ती सांगत होती. पुढच्या ‘कुठली येळंवर’ या उद्गारावरून तें लक्षांत यावयास हवें होतें, परंतु होकार एकदां कागदावर आल्यावर तो उद्गार पहिल्या लेखनिकास नुसती तक्रार वाटला. ‘धा धा दिस’ यांत सूर तुटलेला नाहीं, म्हणजे दर वेळीं दहा दिवस. ‘पं- पंधरा’ येथें मात्र ती खरोखर अडखळली, म्हणून तेथें जोडरेघ. ‘म्हनलो’ आणि ‘जातो’ हीं तिचीं माहेरचीं रूपें आहेत. तीं जशींच्या तशीं ठेवलीं, आणि बोलणारी स्त्री आहे ही नोंद शिरोभागीं असल्यामुळें कोणाचा गोंधळ होणार नाहीं. प्रश्न विचारणाऱ्याचाही ‘येळेवर’ हा उच्चार ऐकूं आला तसाच ठेवला आहे, हें लक्षांत घ्यावें. शेवटीं पोरांचें काय झालें तें मोटारीच्या आवाजांत बुडालें. पहिल्या लेखनिकानें ‘आजारी पडली’ हे शब्द आपल्या मनानें भरले होते. अंदाज बरोबर असेलही; पण तो तिच्या तोंडचा नव्हता.

आतां राहिला ‘मिलो’चा प्रश्न. दुष्काळाच्या त्या दिवसांत शिधावाटपाच्या दुकानांतून परदेशांतून आलेली तांबडी ज्वारी मिळे. तिला लोक मिलो म्हणत. त्यानंतर जन्मलेल्या लेखनिकास हा शब्द ठाऊक नसला तर त्याचा कान जवळचा ओळखीचा शब्द शोधतो आणि ‘किलो’ वर स्थिरावतो. व्याकरण येथें मदत करीत नाहीं, कारण दोन्ही शब्द पुल्लिंगी आहेत आणि ‘त्यो’ दोहोंस लागतो. अर्थ मदत करतो, कारण किलो कोणी खात नाहीं. पण नुसत्या अर्थावर शब्द पक्का करणें म्हणजे पुन्हां आपल्या मनानें भरणेंच होय. म्हणून दुसऱ्या लेखनिकानें दोन्ही वाचनें कंसांत ठेवलीं आणि तीन गोष्टी केल्या. तो भाग पाऊण गतीनें तीनदां ऐकला. शब्दाच्या आरंभीं ओठ मिटल्याचा गुंजणारा आवाज आहे कीं कंठांतून सुटणारा स्फोट आहे, हें त्या गतींत बरेंच स्पष्ट होतें. मग त्याच तालुक्यांतल्या एका वयस्क माणसास तो भाग ऐकविला, परंतु स्वतःस काय वाटतें तें त्याला सांगितलें नाहीं. कारण एकदां शब्द सुचविला कीं दुसऱ्याचा कान तोच शब्द ऐकूं लागतो आणि साक्ष फुकट जाते. शेवटीं तो सबंध फितीवर तोच शब्द दुसरीकडे आला आहे काय, हें शोधीत गेला. साडेतीन मिनिटें पुढें, [००:१५:५१] येथें, ती स्वच्छ आवाजांत ‘तांबडा मिलो’ म्हणते. तेव्हां त्यानें आधींच्या जागेचा कंस सोडविला, दुसऱ्या जागेची वेळ टीपेंत लिहिली, आणि शब्दांच्या यादींत ‘मिलो’ घालून त्याचा अर्थ दिला.

‘सायबाकडं’ या शब्दाचा कंस मात्र त्यानें तसाच ठेवला. त्या वयस्क माणसास तेथें ‘मामलेदाराकडं’ असें ऐकूं आलें, लेखनिकास ‘सायबाकडं’, आणि फितीवर पुढें कोठेंही तो शब्द पुन्हां आला नाहीं. साध्या बोलण्याच्या एका तासास लिहून काढावयास चार ते सहा तास लागतात असा या कामांतल्या लोकांचा अनुभव आहे, आणि बोलीच्या फितीस त्याहून पुष्कळ अधिक. त्यांतला पाऊण तास या एका शब्दावर गेला. अखेर त्यानें दोन्ही वाचनें कंसांत शेजारीं लिहिलीं, वेळ घातली आणि कागद पुढें पाठविला: [सायबाकडं / मामलेदाराकडं? ००:१२:१९].